चौथ्या पायरीवर काय घडतं

«मॅडम, बी.ए.ला धर्माचं तत्त्वज्ञान घेतलंय. अ‍ॅन्सेल्मचा सत्ताशास्त्रीय युक्तिवाद वहीत आहे, पाठही झालाय. पण पटत नाही आणि कुठं चुकतंय तेही सांगता येत नाही. पायरी पायरीनं समजावाल का? आणि गौनिलो, कांट यांचे आक्षेप नक्की कशावर आहेत?»

पटत नाही पण चूक सापडत नाही, ही तक्रार तुझ्या एकटीची नाही. बर्ट्रांड रसेलनं आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. १८९४ साली केंब्रिजमध्ये तो तंबाखूचा डबा आणायला बाहेर पडला होता. परत येताना रस्त्यातच त्याला एकदम वाटलं की हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि त्या भरात त्यानं डबा हवेत उडवून झेलला. पुढं त्याचं मत फिरलं. नंतर त्यानंच लिहून ठेवलं की हा युक्तिवाद चुकीचा असणार अशी खात्री वाटणं सोपं आहे, चूक नेमकी कुठं आहे ते दाखवणं अवघड आहे. तेव्हा आपण एवढंच करू. युक्तिवादाच्या पायऱ्या मोकळ्या करू आणि कुणाचा घाव कुठल्या पायरीवर बसतो ते बघू.

आधी तुझी वही उघड आणि व्याख्या काय लिहिली आहेस ते बघ. गेल्या वीसेक वर्षांत मी तपासलेल्या निम्म्याअधिक पेपरांत «ईश्वर म्हणजे सर्वांत श्रेष्ठ» असं लिहिलेलं असतं. इथंच गाडी रुळावरून घसरते. अ‍ॅन्सेल्म म्हणतो, ज्याच्याहून थोर असं काही कल्पिताच येत नाही, ते म्हणजे ईश्वर. या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. तुमच्या वर्गातला सर्वांत उंच मुलगा घे. तो वर्गात सर्वांत उंच आहेच, पण त्याच्याहून बोटभर उंच मुलगा मनात आणायला काय लागतं? «सर्वांत» हा शब्द जे आहे त्यांच्यात तुलना करतो. अ‍ॅन्सेल्मची व्याख्या कल्पनेच्या टोकाशी जाऊन उभी राहते. ही गफलत नवी नाही. त्याचा पहिला टीकाकार गौनिलो यानंही «सगळ्यांहून थोर» असेच शब्द वापरले होते, आणि असं मी म्हटलेलंच नाही म्हणून अ‍ॅन्सेल्मनं ते उत्तरात पकडले. थोर म्हणजे आकारानं मोठं नव्हे, हेही लक्षात ठेव. आपण «थोर माणूस» म्हणतो त्या अर्थानं, म्हणजे असण्याच्या योग्यतेनं थोर.

हा अ‍ॅन्सेल्म अकराव्या शतकातला, नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठाचा प्रमुख. पुढं तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. १०७७-७८च्या सुमारास त्यानं «प्रोस्लोगियन» हा छोटा ग्रंथ लिहिला. आधीच्या ग्रंथात त्यानं ईश्वराविषयी युक्तिवादांची लांबलचक साखळी रचली होती. आता त्याला एकच युक्तिवाद हवा होता, ज्याला दुसऱ्या कशाचा टेकू लागणार नाही. त्याचा शिष्य एडमर सांगतो की या ध्यासानं त्याची तहानभूक आणि झोप उडाली होती. अखेर एका रात्री युक्तिवाद सुचला आणि त्यानं तो मेणाच्या पाट्यांवर लिहिला. त्या पाट्या हरवल्या. पुन्हा लिहिल्या, तर सकाळी त्या फुटून जमिनीवर पसरलेल्या. मेणाचे तुकडे जुळवून मजकूर वाचला आणि मग मात्र तो चर्मपत्रावर उतरवून घेतला. हा सगळा ग्रंथ प्रार्थनेच्या सुरात आहे. अभंगात विठ्ठलाला «तू» म्हणतात तसं अ‍ॅन्सेल्म ईश्वराला «तू» म्हणत तर्क करतो. त्याचा ईश्वर आधीच मानलेला आहे. मानलेलं बुद्धीला समजावं, एवढंच तो मागतो.

आता पायऱ्या.

पहिली म्हणजे व्याख्या, ती झाली. दुसरी पायरी अशी. बायबलमधल्या स्तोत्रात एक मूर्ख मनात म्हणतो की देव नाही. अ‍ॅन्सेल्म त्यालाच समोर उभा करतो. «ज्याच्याहून थोर काही कल्पिता येत नाही» हे शब्द त्या मूर्खानं ऐकले आणि त्याला ते कळले. न कळता तो नाकारणार तरी काय? जे कळलं ते त्याच्या बुद्धीत आहे. इथं अ‍ॅन्सेल्म चित्रकाराचा दाखला देतो. चित्र काढण्याआधी ते चित्रकाराच्या बुद्धीत असतं, प्रत्यक्षात नसतं. काढून झालं की दोन्हीकडे असतं. म्हणजे बुद्धीत असणं वेगळं आणि प्रत्यक्षात असणं वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तिसरी पायरी गृहीत धरण्याची आहे. समजा, मूर्ख म्हणतो तेच खरं. ज्याच्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते फक्त बुद्धीत आहे, प्रत्यक्षात नाही.

चौथी पायरी: ते प्रत्यक्षातही आहे अशी कल्पना करता येते, आणि प्रत्यक्षात असणं हे नुसतं बुद्धीत असण्याहून थोर आहे.

पाचवी: मग जे फक्त बुद्धीत आहे त्याच्याहून थोर काहीतरी कल्पिता आलं. म्हणजे ज्याच्याहून थोर काही कल्पिता येत नाही, त्याच्याहून थोर कल्पिता आलं. हे धडधडीत विसंगत आहे.

सहावी: विसंगती आली ती तिसऱ्या पायरीवरच्या गृहीतामुळं. ते टाकलं पाहिजे. म्हणजे ते प्रत्यक्षातही आहे.

ही रचना तुला नवी नाही. शाळेत दोनाचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे कसं सिद्ध केलंस? ते परिमेय आहे असं आधी धरलंस, दोन पूर्णांकांचं अतिसंक्षिप्त रूप मांडलंस, आणि शेवटी अंश-छेद दोन्ही सम निघून गृहीत कोसळलं. भूमितीत याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणायचे. अ‍ॅन्सेल्मचा युक्तिवाद त्याच जातीचा आहे. त्यात जगाकडं बोट दाखवणारं एकही वाक्य नाही. घट दिसला म्हणजे कुंभार असणार, तसं जग दिसलं म्हणजे कर्ता असणार, असा उदयनाचार्यांच्या «न्यायकुसुमांजली»तला तर्क कार्याकडून कारणाकडं जातो. इथं घटही नाही आणि मातीही नाही. एका शब्दसमूहाचा अर्थ घेतला आणि त्यातून अस्तित्व काढलं.

वर्गात इथवर आलं की मागच्या बाकावरून एक वाक्य ठरल्यासारखं येतं. एकदा एक मुलगा उभा राहून म्हणाला, «मॅडम, मनात मांडे खाल्ले म्हणून पोट भरतंय होय?» वर्ग हसला. मी त्याला विचारलं, «बरं, मग कितवी पायरी चुकली?» तो गप्प बसला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्यानं निष्कर्ष नाकारला होता. अप्रत्यक्ष सिद्धतेत निष्कर्ष नाकारून भागत नाही. आधीच्या पायऱ्या मान्य केल्यास तर निष्कर्ष गळ्यात पडतोच. मनातले मांडे वेगळे आणि ताटातले वेगळे हे अ‍ॅन्सेल्मच चित्रकाराच्या दाखल्यात सांगून बसलाय. त्याचा दावा असा आहे की बाकी सगळ्याच्या बाबतीत मनातले मांडे मनातच राहू शकतात, या एकाच्या बाबतीत नाही.

गौनिलो हा फ्रान्समधल्या मार्मूतिए मठातला भिक्षू. तोही श्रद्धावानच, पण त्यानं «मूर्खाच्या वतीनं» उत्तर लिहिलं. त्याचं गाजलेलं उदाहरण हरवलेल्या बेटाचं. महासागरात कुठंतरी एक बेट आहे म्हणतात, सगळ्या देशांहून संपन्न. कुणी मला त्याचं वर्णन केलं तर ते मला कळेल, त्यात अवघड काही नाही. पण तो पुढं म्हणू लागला की हे सर्वोत्तम बेट तुझ्या बुद्धीत आहे, आणि प्रत्यक्षात नसेल तर प्रत्यक्षातलं कुठलंही बेट त्याच्याहून उत्तम ठरेल, म्हणून ते असलंच पाहिजे, तर हा थट्टा करतोय असं मी समजेन. नाहीतर जास्त मूर्ख कोण, सांगणारा की ऐकून मानणारा मी, असा मला प्रश्न पडेल.

कोल्हापुरात बेट कशाला हवं? खासबागचं मैदान घे. ज्याच्याहून तगडा पैलवान कल्पिता येत नाही, असा एक पैलवान मनात आण. वर्णन कळलं ना? म्हणजे तो तुझ्या बुद्धीत आहे. समजा तो फक्त बुद्धीत आहे. मग गंगावेशीतल्या तालमीत आज पहाटे जोर मारणारं कोवळं पोरसुद्धा, प्रत्यक्षात आहे म्हणून, त्याच्याहून सरस ठरतं. पण त्याच्याहून सरस तर कुणी कल्पिता येत नव्हता. विसंगती आली. तेव्हा तो पैलवान आहे, आणि लाल मातीत उतरायला त्यानं एव्हाना लंगोट बांधलेला असणार. पायऱ्या हुबेहूब त्याच आहेत, निष्कर्ष मात्र हास्यास्पद. याच पद्धतीनं मिसळ, घोडा, जावई, जे म्हणशील ते अस्तित्वात आणता येतं.

अ‍ॅन्सेल्मनं उत्तर दिलं, आणि गौनिलोची टीका व आपलं उत्तर दोन्ही ग्रंथाला जोडून नकलावीत असंही सांगितलं. टीकाकाराशी असं वागणारे लोक आजही कमीच दिसतात. उत्तरात तो जरा मिश्कीलपणे म्हणतो की ज्याच्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते सोडून दुसऱ्या कशाला हा युक्तिवाद कुणी लावून दाखवला, तर हरवलेलं बेट मी त्याला शोधून देईन, पुन्हा हरवणार नाही असं. पण बेटाला का लागत नाही, हे तिथं हवं तेवढं मोकळं करून सांगितलेलं नाही. ते नंतरच्यांनी सांगितलं, आणि तो मुद्दा खरंच कामाचा आहे.

पैलवानाकडंच बघ. तो किती वजन उचलतो? दोनशे किलो म्हणालीस तर मी दोनशे एक म्हणेन. दिवसाला किती जोर काढतो? पाच हजार, तर मी पाच हजार एक. तगडेपणाला वरचं टोकच नाही. तेव्हा «ज्याच्याहून तगडा कल्पिता येत नाही» हे शब्द ऐकायला बरे वाटतात, पण «सर्वांत मोठी संख्या» म्हणण्यासारखे आहेत. त्या वर्णनाला बसेल असं काही असूच शकत नाही. बेटाचंही तसंच, आणखी एक माड, आणखी एक झरा कधीही वाढवता येतो. ज्ञानाचं मात्र तसं नाही. जे जे खरं आहे ते सगळं ज्याला ठाऊक आहे, त्याच्याहून एक गोष्ट जास्त ठाऊक असणारा कल्पिता येत नाही. ज्ञानाला टोक आहे. म्हणून ईश्वराच्या गुणांना टोक असतं, बेटाच्या आणि पैलवानाच्या गुणांना नसतं, असा हा बचाव आहे. प्रेमाला किंवा करुणेला असं टोक आहे का, हे तू ठरव. मला त्याची खात्री नाही, त्यामुळं हा बचाव मला अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो.

गौनिलोच्या आक्षेपाची जात ओळख. महिन्याच्या शेवटी किर्दीचा मेळ जुळला नाही की कुठंतरी चूक आहे हे नक्की होतं, पण कुठल्या पानावर ते कळत नाही. गौनिलोनं मेळ जुळत नाही एवढं दाखवलं. उत्तरपत्रिकेत «गौनिलोनं चौथी पायरी खोडली» असं लिहिलंस तर मी गुण कापीन, कारण बेटाच्या उदाहरणानं त्यानं कुठलीच पायरी खोडली नाही. ते काम दुसऱ्यांनी केलं.

मधल्या काळातला थॉमस अक्वायनस दोन ओळींत आटोपतो. तो म्हणतो, ईश्वराचं स्वरूप आपल्याला पुरतं कळलेलं नाही, आणि त्या शब्दाचा अर्थ असाच घेतला तरी त्यावरून ते प्रत्यक्षात असल्याचं निघत नाही. हे म्हणणारा चर्चचा संत आहे, हे विसरू नकोस. «नास्तिकांचे आक्षेप» असं शीर्षक देऊन पोरं गौनिलो, अक्वायनस आणि कांट यांना एका रांगेत बसवतात. तिघांपैकी एकही नास्तिक नाही. रविवारी जोतिबाला जाऊन येणाऱ्या माणसानं सोमवारी हा युक्तिवाद फोडला तर त्यात विरोध काहीच नाही.

आता कांट. त्याचा «क्रिटिक ऑफ प्युअर रीझन» हा ग्रंथ १७८१चा, आणि या युक्तिवादाला «ऑन्टॉलॉजिकल» हे नाव रूढ झालं ते त्याच्यामुळं. त्याच्यासमोर अ‍ॅन्सेल्म नव्हता, देकार्त होता. देकार्तनं १६४१ साली «चिंतनं» या ग्रंथातल्या पाचव्या चिंतनात म्हटलं होतं की त्रिकोणाच्या स्वरूपापासून तीन कोनांची बेरीज दोन काटकोन हे जसं तोडता येत नाही, तसं परिपूर्ण ईश्वराच्या स्वरूपापासून अस्तित्व तोडता येत नाही. कांटचं पहिलं उत्तर असं. त्रिकोण घेतलास आणि कोन नाकारलेस तर विसंगती होईल. पण त्रिकोणच नाकारलास, कोनांसकट, तर कसली विसंगती? उरलंच काय विसंगत व्हायला? तसंच ईश्वर ही कल्पनाच अवघी बाजूला ठेवली, तर तिच्यातलं सर्वशक्तिमानपण, अस्तित्व, सगळं तिच्याबरोबर गेलं.

दुसरं उत्तर जास्त गाजलं. अस्तित्व हे खरं विधेय नाही. म्हणजे ते वस्तूच्या वर्णनात कशाचीही भर घालत नाही. त्याचं उदाहरण शंभर थेलरचं आहे, थेलर म्हणजे त्या काळचं जर्मन नाणं. माझ्याकडचं उदाहरण गुजरीतलं आहे. लग्नासाठी साज करायला टाकायचाय, सराफ चिठ्ठी लिहून घेतोय. बावीस कॅरेट, वजन चाळीस ग्रॅम, पानं एकवीस, मध्ये जवमणी, पदकात माणिक. प्रत्येक शब्दागणिक साज बदलतो. पानं कमी केलीस तर दुसरा साज, माणकाऐवजी पाचू घातलास तर तिसरा. सगळं लिहून झाल्यावर तू म्हणालीस, «आणि एक लिहा, हा साज अस्तित्वात असलेला हवा.» सराफ चष्म्यावरून तुझ्याकडं बघेल. त्या शब्दानं चिठ्ठीत काय वाढलं? महिन्याभरानं साज हातात आला की चिठ्ठीतली एकेक ओळ लावून बघतेस, आणि सगळ्या लागतात. प्रत्यक्षातल्या साजात चिठ्ठीपेक्षा एखादा जादा गुण असता, तर तू सांगितलेला साज तो नव्हेच असं म्हणावं लागलं असतं. अस्तित्व म्हणजे चिठ्ठीतली शेवटची ओळ नव्हे. चिठ्ठीतल्या सगळ्या ओळींना उतरणारी वस्तू जगात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इथं एक चूक हमखास होते. «कांटच्या मते खरे आणि काल्पनिक पैसे सारखेच» असं काहीतरी पोरं लिहून येतात. खिशाला फरक पडतोच, आणि तसं कांटनंही सांगितलंय. फरक पडत नाही तो वर्णनात.

यावर जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगनं १८८४ साली आणखी नेमकं बोट ठेवलं. अस्तित्वाचं विधान वस्तूबद्दल नसतंच, ते कल्पनेबद्दल असतं. त्या कल्पनेत बसणाऱ्या वस्तूंची संख्या शून्य नाही, एवढंच ते सांगतं. «आमच्या वर्गात सहा फुटी मुलं नाहीत» हे वाक्य घे. यात काही सहा फुटी मुलं उभी आहेत आणि त्यांच्या अंगी नसण्याचा गुण आहे, असं आपण म्हणत नाही. हजेरीपटाबद्दल बोलतो.

मराठीला हा भेद कानानं कळतो, असं मला नेहमी वाटतं. होकारात आपली फसगत होते, कारण «देव दयाळू आहे» आणि «देव आहे» या दोन्हीत तोच «आहे» बसलाय. दयाळूपणासारखंच असणंही एक गुण वाटायला लागतं. पण नकार करून बघ. «हा दगड देव नव्हे» आणि «देव नाही». पहिल्यात दगड समोर आहे, त्याच्याबद्दल एक गोष्ट नाकारली. दुसऱ्यात समोर कुणीच नाही. «देव नव्हे» एवढंच म्हटलं तर कान लगेच विचारतो, काय नव्हे? आता बोलण्यात नव्हेच्या जागी नाही सर्रास येतं हे खरं, आणि व्याकरणावरून कांट सिद्ध होत नाही हेही खरं. पण वर्गात मुद्दा उतरतो तो या दोन शब्दांनी.

तर्कसंग्रह तुम्हाला पुढं येईल. त्यात हेत्वाभासांमध्ये आश्रयासिद्ध म्हणून एक आहे, आणि त्याचं उदाहरण असं: आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे. तळ्यातली कमळं सुगंधी असतात हे मान्य. पण ज्याच्यावर सुगंध लादायचा ते आकाशातलं कमळच सिद्ध नाही. कांटच्या पहिल्या उत्तराशी हे शेजारधर्मानं उभं आहे. दोन्ही एकच आहेत असं मात्र लिहू नकोस.

आता खरा प्रश्न. कांटचा घाव देकार्तवर बसला, तो अ‍ॅन्सेल्मवर बसतो का? बरेच अभ्यासक म्हणतात की तितका सरळ नाही. अ‍ॅन्सेल्मनं अस्तित्वाला गुणांच्या यादीत घातलेलं नाही. तो दोन ठिकाणांची तुलना करतो, बुद्धीत असणं आणि प्रत्यक्षात असणं. मला स्वतःला चूक तिथंच दिसते, दुसऱ्या पायरीवर पेरलेली आणि चौथीवर उगवलेली.

«डब्यात भाकरी आहे» आणि «डोक्यात भाकरी आहे» ही वाक्यं बाहेरून सारखी दिसतात. डब्यात भाकरी असेल तर तिथं भाकरी असते. डोक्यात भाकरी असेल तर तिथं भाकरीचा विचार असतो, तो गोल नसतो आणि गरमही नसतो. तसं मूर्खाच्या बुद्धीत ईश्वर नाही, ईश्वराचा विचार आहे. आणि तो विचार काही ज्याच्याहून थोर कल्पिता येत नाही असा नाही, तो एका माणसाच्या डोक्यातला साधा विचार आहे. आता तिसरी पायरी पुन्हा वाच. «ते फक्त बुद्धीत आहे» याचा सरळ अर्थ एवढाच, की विचार आहे, त्याला उतरणारं बाहेर काही नाही. मग चौथ्या पायरीवर तुलना कुणाची करायची? जणू एक ईश्वर बुद्धीत बसलाय, जरा कमी प्रतीचा, आणि त्याला प्रत्यक्षातल्या ईश्वराशेजारी उभं करायचं, असं अ‍ॅन्सेल्म करतो. पण बुद्धीत बसलेला तसा कुणी नाहीच. तुलनेची एक बाजू रिकामी आहे, त्यामुळं पाचव्या पायरीवरची विसंगती तयारच होत नाही. आता मागच्या बाकावरचं मांड्यांचं वाक्य जागेवर बसलं बघ. ते निष्कर्षावर मारायचं नव्हतं, दुसऱ्या पायरीवर मारायचं होतं.

अ‍ॅन्सेल्मच्या बाजूनं याला उत्तर आहे. नसलेल्या गोष्टींबद्दल आपण अर्थपूर्ण बोलतो, त्यांची तुलनाही करतो. गोष्टीतला एक राक्षस दुसऱ्याहून बलवान आहे म्हटलं तर कुणाला खटकत नाही. म्हणजे विचाराचा विषय आणि विचार यांत भेद आहे, आणि तो विषय अस्तित्वात नसतानाही त्याच्याबद्दल बोलता येतं. हा वाद आजही मिटलेला नाही. मी माझी बाजू सांगितली. तू दुसरी घेतलीस तरी गुण जाणार नाहीत, पायरी सांगून घेतलीस म्हणजे झालं.

शेवटचा एक धागा, कारण वहीतला युक्तिवाद बहुधा «प्रोस्लोगियन»च्या दुसऱ्या प्रकरणावर थांबतो. तिसऱ्या प्रकरणात अ‍ॅन्सेल्म एक पाऊल पुढं जातो. जे नाही अशी कल्पना करता येते त्याच्याहून, जे नाही अशी कल्पनाच करता येत नाही ते थोर. म्हणजे नुसतं अस्तित्व नव्हे, अनिवार्य अस्तित्व. १९६० साली नॉर्मन माल्कमनं हाच वेगळा आणि जास्त बळकट युक्तिवाद आहे असं दाखवलं, आणि १९७४ साली अ‍ॅल्विन प्लँटिंगानं त्याला आधुनिक तर्कशास्त्राचं रूप दिलं. ढोबळमानानं तो असा: असा अनिवार्य ईश्वर असणं शक्य असेल, तर तो आहेच, कारण अनिवार्य गोष्ट एका शक्य जगात असेल तर सगळ्याच जगांत असते. शक्य जग म्हणजे सगळं जग जसं असू शकलं असतं, असा एक पर्याय. गुजरीतली चिठ्ठी इथं सहज चालत नाही. अनिवार्य असणं हे साध्या असण्यासारखं नाही, वर्णनात ते भर घालतं असं म्हणायला जागा आहे.

मग सगळा भार «शक्य असेल तर» यावर येतो. देकार्तचा युक्तिवाद अपुरा आहे, आधी ईश्वराची कल्पना शक्य आहे हे दाखवा, असं लाइबनिझ कधीचं म्हणून गेला होता. वर्गात विचारलं की ईश्वर असणं शक्य आहे का, तर सगळे हात वर होतात. का नाही, असू शकेल की! पण या «असू शकेल» मध्ये दोन अर्थ लपलेत. गणितातलं गोल्डबाखचं अनुमान घे. दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं ते म्हणतं. आठ म्हणजे तीन अधिक पाच, वीस म्हणजे सात अधिक तेरा. ते आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही आणि खोटंही पाडलेलं नाही. तेव्हा ते खरं असू शकेल आणि खोटंही असू शकेल, असं आपण म्हणतो. म्हणजे काय, तर आपल्याला माहीत नाही. पण गणितातलं विधान खरं असेल तर अनिवार्यपणे खरं असतं आणि खोटं असेल तर अनिवार्यपणे खोटं. दोन्ही एकाच वेळी खऱ्या अर्थानं शक्य नाहीत. अनिवार्य ईश्वराचंही तसंच आहे. हात वर करताना पोरांना म्हणायचं असतं «माहीत नाही, असेल», आणि युक्तिवादाला हवं असतं «खरोखर शक्य आहे». पहिल्यातून दुसरं निघत नाही.

त्यात आणखी गंमत अशी, की हीच पट्टी उलटी फिरवता येते. असा ईश्वर नसणं शक्य आहे, हे कुणी मान्य केलं तर त्याच तर्कानं तो नाहीच असं निघतं, कारण अनिवार्य गोष्ट एकाही शक्य जगातून गळून चालत नाही. दोन्ही गृहीतं ऐकायला सारखीच निरुपद्रवी आहेत, आणि त्यांतलं एकच खरं असू शकतं. कुठलं, ते हा युक्तिवाद सांगत नाही. प्लँटिंगानंही हे लपवलेलं नाही. यानं ईश्वर सिद्ध होतो असा त्याचा दावा नव्हता, ईश्वर मानणं बुद्धीला सोडून नाही एवढंच तो म्हणाला. पहिल्या वर्षाच्या पेपरला हा शेवटचा भाग चार ओळींहून जास्त लिहू नकोस. वेळ दुसऱ्या आणि चौथ्या पायरीला दे.